प्रेक्षक नेमके कुठे निघून गेले? अ‍ॅनिमेशन भागाचा रिटेन्शन आलेख वाचण्याची आणि गती सुधारण्याची रीत

अ‍ॅनिमेशनचा भाग अपलोड केल्यावर सगळे आधी व्ह्यूजचा आकडा बघतात. पुढचा भाग चांगला करायचा असेल तर त्यातून हाती काही लागत नाही. उपयोगी पडतो तो रिटेन्शनचा आलेख. कितव्या सेकंदाला किती प्रेक्षक शिल्लक होते, हे तो सांगतो. मात्र तो वाचताना बहुतेक नवखे एकच चूक करतात. रेषा जिथे खाली गेलेली दिसते तिथला शॉट कापून मोकळे होतात, आणि कारण असतं दुसरीकडेच. हा लेख यूट्यूबवरच्या आलेखाबद्दल आहे, कारण स्वतंत्रपणे अ‍ॅनिमेशन करणारे बहुतेक जण तिथेच असतात. उदाहरणासाठी माझाच एक ८ मिनिटांचा भाग घेते: घड्याळं दुरुस्त करणारा एक उंदीर, हरवलेली एक किल्ली, आणि बंद पडलेला एक घड्याळ-मनोरा.

आधी थांबा, मग उघडा

अपलोड झाल्या झाल्या आलेख बघू नका. ही माहिती तयार व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात. शिवाय सुरुवातीचे प्रेक्षक हे बहुतेक तुमचे नेहमीचेच असतात आणि ते तुमच्याशी जरा सबुरीने वागतात. ५० व्ह्यूज असतील तर एकटा माणूस उठून गेला तरी रेषा २ टक्क्यांनी खाली येते. अशा आलेखावरून काही ठरवणं म्हणजे एकाच माणसाच्या मर्जीवर पुढचा भाग बेतणं. मी निदान काही शे व्ह्यूज होईपर्यंत थांबते.

मग यूट्यूब स्टुडिओत Content मध्ये जाऊन तो व्हिडिओ निवडा आणि Analytics उघडा. तिथे Key moments for audience retention या नावाचा आलेख दिसेल. आडव्या अक्षावर व्हिडिओची वेळ असते, उभ्या अक्षावर त्या क्षणी पाहणाऱ्यांची टक्केवारी. सोबत तुमच्या स्वतःच्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या आधीच्या १० व्हिडिओंशी तुलनाही मिळते. नवख्यांनी ही तुलना गांभीर्याने घ्यावी. दुसऱ्या कोणाच्या चॅनेलवर ३० सेकंदांना किती लोक उरतात याला तुमच्या कामात फारसा अर्थ नसतो. तुमच्याच आधीच्या भागांपेक्षा हा भाग कुठे ढळला, हे महत्त्वाचं.

अजून एक गोष्ट माहीत असू द्या. आलेखामागची आकडेवारी व्हिडिओचे १०० सारखे तुकडे पाडून मोजलेली असते. ८ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे एक तुकडा ४.८ सेकंदांचा. त्यामुळे ‘२ मिनिटं ३८ सेकंदांना लोक गेले’ असं आलेख सांगत असेल तर ते दोन-तीन सेकंद इकडे-तिकडे असू शकतं. एका फ्रेमवर बोट ठेवण्याइतका तो बारीक नसतो.

उंची बघू नका, उतार बघा

माझ्या भागाचा आलेख असा होता. ०:३० ला ५८ टक्के उरले होते. १:३० ला ५१, २:४० ला ४६. मग रेषा घसरली आणि ३:२० ला ३३ वर आली. त्यानंतर ४:५० पर्यंत जवळजवळ सपाट, ३० टक्के. ५:०५ च्या आसपास एक खड्डा होता: रेषा २३ पर्यंत खाली गेली आणि ५:२० ला परत २९ वर आली. ७:०८ ला २५ टक्के होते, आणि तिथून श्रेयनामावलीत रेषा कोसळून ७:३० ला ९ वर आली.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर सुरुवातच सगळ्यात वाईट वाटते, कारण तिथे ४२ टक्के गेले. पण सुरुवातीला गळती प्रत्येक व्हिडिओत असते. चुकून दाबणारे असतात, काहीतरी वेगळंच शोधणारे असतात. उलट मधल्या गळतीत गेलेले लोक तुमची गोष्ट अडीच मिनिटं पाहून मग गेलेले असतात. त्यांचं जाणं जास्त बोलकं असतं.

दोन जागांची नीट तुलना करायची तर ‘किती टक्के गेले’ याऐवजी ‘जे उरले होते त्यांच्यापैकी किती गेले’ हे काढा, आणि ते दर १० सेकंदांना किती पडतं ते बघा.

```
गळती = (आधीचे − नंतरचे) ÷ आधीचे × 100
दर 10 सेकंदांची गळती = गळती ÷ (सेकंद ÷ 10)
```

०:३० ते १:३० मध्ये ५८ चे ५१ झाले. म्हणजे ६० सेकंदांत १२ टक्के, दर १० सेकंदांना २. पुढे २:४० पर्यंत हा दर १.४ वर आला. २:४० ते ३:२० मध्ये मात्र ४६ चे ३३ झाले: ४० सेकंदांत २८ टक्के, म्हणजे दर १० सेकंदांना ७. आधीच्या पाचपट. आणि ३:२० नंतर तोच दर १ वर उतरला. माझ्या भागातली खरी जखम या ४० सेकंदांत होती.

शेवटच्या कोसळण्याने घाबरू नका. गोष्ट संपली, नावं आली, लोक गेले. तिथे बघायचं एवढंच की नावं सुरू होण्याच्या आधीच तर रेषा पडत नाही ना. पडत असेल तर तुमच्या शेवटच्या प्रसंगातल्या संगीताने किंवा हळूहळू काळ्या होणाऱ्या पडद्याने ‘संपलं’ असा निरोप लवकर दिलेला असतो.

खड्डा आणि घसरण या दोन वेगळ्या गोष्टी

५:०५ चा खड्डा बघा. रेषा खाली गेली आणि परत वर आली. गेलेले लोक परत आले नाहीत, ते मुळात गेलेच नव्हते. त्यांनी तेवढा तुकडा ओलांडला. मोबाइलवर दोनदा टॅप केलं की व्हिडिओ १० सेकंद पुढे जातो, तेच इथे झालं. भरून निघणारा खड्डा म्हणजे ‘गोष्ट हवी आहे, हा तुकडा नको’. घसरून परत न चढणारी रेषा म्हणजे ‘गोष्टच नको’. पहिल्याचा उपाय कापणं किंवा वाटून टाकणं. दुसऱ्याला नुसती कात्री पुरत नाही.

तिसरा आकार उंचवट्याचा असतो. लोक मागे जाऊन तेवढंच परत बघतात, किंवा पुढून थेट तिथे उडी मारतात. नवखे उंचवटा दिसला की खूश होतात, पण आधी त्या जागेचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. माझ्या एका जुन्या भागात असा उंचवटा होता आणि मी तो विनोद लोकांना फार आवडला असं समजून चालले होते. प्रत्यक्षात संगीताखाली ते वाक्य बुडालं होतं आणि लोक ते परत परत ऐकून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. व्हिडिओ मुलांसाठीचा म्हणून नोंदवलेला असेल तर त्यावर कमेंट्स बंद असतात. मग असं काही कळवायला दुसरं कोणी नसतं, आलेखच काय ते सांगतो.

शॉटची यादी समोर घ्या

आता कारण शोधायचं. आलेखाकडे बघून ते सापडत नाही. त्यासाठी भागाची शॉट-यादी लागते. अ‍ॅनिमॅटिकच्या वेळी केलेली असेल तर तीच घ्या, पण वेळा अंतिम व्हिडिओवरून परत लिहा. प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहा: कुठून कुठपर्यंत, पडद्यावर काय होतं, आणि त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उघडा आहे. तिसरा रकाना भरायला कंटाळा येतो, पण सगळं त्यातच दडलेलं असतं.

माझ्या यादीचा मधला भाग असा निघाला. १:३४ ते २:३१: उंदीर किल्ली शोधतो, उघडा प्रश्न ‘किल्ली सापडेल का?’ २:३१ ला किल्ली सापडते. २:३४ ते ३:१२: उंदीर मनोऱ्याच्या गोल जिन्यावरून वर चढतो, उघडा प्रश्न... रकाना रिकामा. ३:२५ ला वर बसलेलं घुबड दिसतं, त्याने घड्याळाचा काटा पंजात धरून ठेवलेला असतो. उघडा प्रश्न ‘त्याने घड्याळ का थांबवलं?’

जिन्याचा तो ३८ सेकंदांचा शॉट मी तीन आठवडे रंगवत होते. कॅमेरा जिन्यासोबत वर सरकतो, खिडक्यांतून उजेड पडतो, खाली गाव लहान होत जातं. या भागातलं सगळ्यात देखणं काम तेच होतं, आणि लोक तिथेच गेले.

याच भागात ५:५० ला २५ सेकंदांचा एक जवळजवळ निश्चल शॉट आहे. उंदीर दातेरी चाकामागे श्वास रोखून लपलेला आणि घुबड त्याच्या डोक्यावर बसलेलं. दोन चित्रं आणि एक पापणीची उघडझाप, बाकी काही हलत नाही. तिथे आलेख सपाट होता. तेव्हा ‘संथ शॉट कापा’ हा सरसकट सल्ला मला चुकीचा वाटतो. हालचाल किती आहे यावर प्रेक्षक टिकत नाही, आपण कशाची वाट बघतोय हे त्याला माहीत असेल तर टिकतो. किल्ली सापडली तेव्हा एक प्रश्न मिटला आणि पुढचा ५४ सेकंद उघडलाच नाही. मधे होता तो जिना.

कारण शोधताना घसरण सुरू होते त्याच्या ५ ते १५ सेकंद आधी बघा. माणूस कंटाळला त्या क्षणीच बाहेर पडत नाही. थोडा वेळ थांबतो, पुढे काही येतंय का बघतो, मग जातो. माझी घसरण २:३८ च्या सुमाराला सुरू झाली, कारण घडलं २:३१ ला. मी फक्त २:३८ नंतरचंच कापलं असतं तर तीच घसरण पुढच्या शॉटवर सरकली असती.

अजून एक धागा नंतर सापडला. थंबनेलवर मी घुबड ठेवलं होतं. म्हणजे घुबडासाठी आलेला माणूस साडेतीन मिनिटं उंदीरच बघत होता. प्रेक्षकांची विभागणी करून बघायची सोय आलेखात असते, तिथे नवे आणि परतून आलेले वेगळे काढता येतात. माझ्या बाबतीत नव्यांची रेषा परतून आलेल्यांच्या बरीच खाली होती, आणि घुबड आल्यावर दोन्ही रेषा सारख्याच सपाट झाल्या. नवे लोक ज्याची वाट बघत होते ते त्यांना उशिरा मिळालं.

दुरुस्ती: आधी हलवा, मग कापा, नवं काढा ते शेवटी

अ‍ॅनिमेशनमध्ये नवा शॉट महाग असतो. २४ फ्रेमच्या गतीत दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी एका सेकंदाला १२ चित्रं. म्हणून आधी जे काढून झालंय त्याचीच जागा बदलून काम होतं का ते बघा.

जिन्याच्या बाबतीत मी हे केलं. ३:२५ च्या घुबडाच्या शॉटमधून फक्त काट्यावरचा पंजा दिसेल एवढी ३ सेकंदांची चौकट काढली आणि ती किल्ली सापडल्यावर लगेच, जिन्याच्या आधी ठेवली. घुबड कोण हे कळत नाही, पण ‘वर कोणीतरी आहे’ हे कळतं. वरचा उलगडा तसाच राहतो आणि जिना आता वाट बघण्याचा जिना होतो. चौकट मूळ प्रोजेक्टमधून नव्याने रेंडर केली. तयार व्हिडिओ ताणून मोठा केला तर रेषा फुटलेल्या दिसतात. मग जिना ३८ वरून १४ सेकंदांवर आणला. सुरुवातीचे ६ सेकंद, जिथे उंची कळते, आणि शेवटचे ८, जिथे दार दिसतं. मधला भाग गेला. त्यातला खिडकीतला उजेड मला अजून आठवतो, पण तो जायलाच हवा होता.

५:०५ च्या खड्ड्यात घड्याळ कसं चालतं हे घुबड एकाच चौकटीत २६ सेकंद समजावून सांगत होतं. ते शब्द गोष्टीला हवे होते, म्हणून कापले नाहीत. निम्मी वाक्यं पुढच्या पाठलागाच्या शॉटवर सरकवली. आवाज चालू, पडद्यावर पळापळ. तिथे घुबडाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे ओठांची हालचाल परत जुळवायला लागली नाही. संवाद हलवताना अशीच जागा शोधा.

सुरुवात: पहिले २२ सेकंद शीर्षकगीत होतं. परतून आलेल्यांच्या रेषेत तिथे भरून निघणारा खड्डा होता, नव्यांच्या रेषेत सरळ घसरण. ज्यांना गाणं माहीत होतं त्यांनी ते ओलांडलं, ज्यांना आपण कोण हे माहीत नव्हतं ते थांबले नाहीत. घड्याळ बंद पडतं तो १२ सेकंदांचा प्रसंग सर्वांत आधी आणला आणि शीर्षक त्याच्यानंतर ५ सेकंदांत आटपलं.

बारीक कात्री संवादांमधल्या मोकळ्या जागांवर चालवा. एका पात्राचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत माझ्याकडे सवयीने १८ फ्रेम सुटायच्या, म्हणजे पाऊण सेकंद. त्या ६ वर आणल्या. ६० वाक्यांच्या भागात तेवढ्यानेच ३० सेकंद वाचतात आणि कुठलाही शॉट जात नाही. मात्र सगळीकडे एकाच मापाने कापू नका. ज्या वाक्याआधी पात्र खरंच विचार करतंय तिथली जागा तशीच राहू द्या, नाहीतर सगळे घाईत पाठ केलेलं म्हणून दाखवताहेत असं वाटतं.

अपलोड झालेल्या भागाचं काय करता येतं

थोडंच. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही. नव्याने अपलोड केलं तर व्ह्यूज आणि कमेंट्स जुन्या व्हिडिओपाशीच राहतात. स्टुडिओतल्या Editor मध्ये तुकडे कापून टाकता येतात आणि पटलं नाही तर मूळ व्हिडिओ परत आणता येतो. पण तिथे शॉट मागेपुढे करता येत नाहीत. आणि चित्राबरोबर संगीतही कापलं जातं, त्यामुळे सलग संगीत असलेल्या जागी झटका ऐकू येतो. मी तो वापरते तो लांबलेल्या श्रेयनामावलीसाठी किंवा जिथे क्षणभर शांतता आहे अशा जागी. वर सांगितलेली बाकीची दुरुस्ती मी माझ्या मूळ प्रोजेक्टमध्ये करून बघितली, कारण पुढच्या भागाचा अ‍ॅनिमॅटिक त्याच मापाने बांधायचा होता.

पुढच्या भागात तपासताना

नवा भाग आणि जुना भाग मिनिटाला मिनिट लावून ताडून बघू नका, त्यांची लांबी आणि गोष्ट वेगळी असते. गोष्टीतल्या सारख्या जागा घ्या: पहिला प्रश्न मिटतो तिथून दुसरा उघडतो तिथपर्यंत. मागच्या भागात या पट्ट्यात दर १० सेकंदांना ७ टक्के जात होते. पुढच्या भागात अशा पट्ट्याआधी मी नव्या संकटाचं एक चिन्ह दाखवलं आणि पट्टा ३० सेकंदांत संपवला. ५२ चे ४९ झाले, म्हणजे दर १० सेकंदांना २ च्या आत. ०:३० ला ६७ टक्के होते. थंबनेलवर या वेळी उंदीर होता आणि तो पहिल्याच शॉटमध्ये आला, त्यामुळे या वाढीतली किती शीर्षक हलवल्यामुळे आणि किती थंबनेलमुळे, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकाच वेळी बदलण्याऐवजी एका भागात एकच बदल करायला हवा होता.

त्या भागात ४:१० ला नवी घसरण निघाली. तिथे दोन पात्रांचं भांडण मिटतं. शॉट-यादीचा तिसरा रकाना त्या जागी २० सेकंद रिकामा होता.